लिहिलंय 10 तास, मिळतात चार: लॅपटॉपची बॅटरी खरेदीआधीच कशी जोखायची

ॲडमिशनचा हंगाम आटोपला की ही तक्रार ठरलेली. "नवा कोरा लॅपटॉप आहे, खोक्यावर 10 तास लिहिलंय, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार्जर शोधत फिरावं लागतं. बॅटरी खराब आली का?" लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेला जातो, तपासणीत बॅटरी ठणठणीत निघते आणि मुलगा तसाच परत येतो. मग कुणी सांगतं विंडोज पुन्हा टाक, कुणी सांगतं अँटिव्हायरस काढ. फरक पडत नाही.

फरक पडत नाही, कारण बहुतेक वेळा बिघाड नसतोच. लॅपटॉप जितका चालायला हवा तितकाच चालत असतो आणि ते तास खरेदीआधीच स्पेसिफिकेशनच्या कागदावरून काढता आले असते. त्यासाठी दोनच गोष्टी वाचायला याव्या लागतात: बॅटरीचे वॅट-अवर आणि प्रोसेसरच्या नावातलं अक्षर.

```
तास = (Wh × 0.9) ÷ सरासरी W
```

वॅट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते. वॅट म्हणजे लॅपटॉप ती किती वेगाने खातो. 14.2 किलोचा सिलिंडर किती दिवस पुरेल हे जसं सिलिंडरवर छापता येत नाही, घरात माणसं किती आणि स्वयंपाक काय यावर ते ठरतं, तसंच हे आहे. 0.9 ने गुणायचं, कारण शेवटचे पाच-दहा टक्के कुणी वापरत नाही. त्याआधीच विंडोज लाल खूण दाखवायला लागतं आणि आपण प्लग शोधायला उठतो.

आधी दाव्यालाच भाग द्या

कागद हातात आला की मी पहिलं काम हे करतो: वॅट-अवरला कंपनीने सांगितलेल्या तासांनी भागतो. 42 वॅट-अवरची बॅटरी आणि "10 तासांपर्यंत" असा दावा असेल, तर 42 भागिले 10 म्हणजे 4.2 वॅट. याचा अर्थ स्क्रीन, वायफाय, रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर मिळून फक्त 4.2 वॅट खात होते तेव्हाच ते 10 तास मिळाले. नेहमीच्या 15 इंची विंडोज लॅपटॉपमध्ये पुरेशी उजळ ठेवलेली स्क्रीन एकटीच तीन-चार वॅट घेते. मग ते 10 तास आले कुठून? तळाशी बारीक अक्षरात उत्तर असतं. लॅपटॉपमध्येच साठवलेला व्हिडिओ सलग चालवून, ब्राइटनेस 150 निट्सच्या आसपास ठेवून मोजलेले असतात ते. व्हिडिओ उलगडायचं काम चिपमधला एक छोटा खास भाग करतो आणि मुख्य कोअर जवळजवळ झोपलेले असतात. आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या दिवसाचा नसतो. खिडकीजवळच्या बाकावर 150 निट्सवर पीडीएफ वाचून बघा, दोन मिनिटांत ब्राइटनेस वाढवाल.

हाच भागाकार कधी कधी दाव्याच्या बाजूनेही साक्ष देतो. 13 इंची मॅकबुक एअरच्या एम4 मॉडेलमध्ये 53.8 वॅट-अवरची बॅटरी आहे आणि वायफायवर वेबसाइट पाहताना 15 तासांपर्यंत, असा ॲपलचा दावा आहे. भागाकार येतो 3.6 वॅट. त्या चिपला आणि छोट्या स्क्रीनला हलक्या कामात हे जमण्यासारखं आहे. म्हणजे आलेला आकडा चांगला की फसवा हे त्या आकड्यावरून कळत नाही, आत कोणता प्रोसेसर बसलाय यावरून कळतं. त्याकडे वळण्याआधी वॅट-अवर नीट सापडले पाहिजेत.

वॅट-अवर सापडत नाहीत तेव्हा

दुकानातल्या पट्टीवर बहुधा "3-cell" एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून काही ठरत नाही. तीन सेलची बॅटरी 41 वॅट-अवरचीही असते आणि 60 चीही. "65W" दिसलं तर तो चार्जरचा आकडा आहे, बॅटरीचा नव्हे. ही गल्लत मी सारखी पाहतो. "अर्ध्या तासात 50 टक्के चार्ज" हे वाक्यसुद्धा बॅटरी किती मोठी आहे याबद्दल गप्पच असतं.

काही ठिकाणी मिलीअँपिअर-अवर दिलेले असतात आणि मोबाइलच्या सवयीने आपण मोठा आकडा चांगला समजतो. लॅपटॉपमध्ये ते चालत नाही, कारण व्होल्टेज वेगवेगळं असतं. दोन सेलची 7.7 व्होल्टची 4,900 मिलीअँपिअर-अवर बॅटरी घ्या: 7.7 गुणिले 4.9 म्हणजे जेमतेम 38 वॅट-अवर. तीन सेलची 11.55 व्होल्टची 3,640 ची घ्या: 11.55 गुणिले 3.64 म्हणजे 42. कागदावर लहान दिसणारी बॅटरी प्रत्यक्षात मोठी निघाली. मिलीअँपिअर दिसले की व्होल्ट विचारा आणि गुणाकार करूनच तुलना करा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्ये. बाहेरून तोच लॅपटॉप, तोच रंग, तोच प्रोसेसर. पण एका आवृत्तीत 42 आणि दुसरीत 60 वॅट-अवर. फरक फक्त मॉडेल नंबरच्या शेवटच्या काही अक्षरांत दिसतो. म्हणून मालिकेचं नाव सर्च करू नका. खोक्यावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला बॅटरीचा रकाना वाचा.

लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही दुकानात डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर त्याहून सोपा उपाय आहे. दुकानदाराला विचारून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली हे खालीच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या भागात `DESIGN CAPACITY` समोर 42,000 mWh असा आकडा येतो. शेवटचे तीन अंक सोडले की वॅट-अवर मिळाले. विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा ही ओळ खात्रीची. मात्र डेमोचा आणि तुम्हाला मिळणार तो, दोघांचा मॉडेल नंबर एकच आहे ना, एवढं ताडून पाहा.

प्रोसेसरचं अक्षर काय सांगतं

इथे एक मोह आवरायला हवा. इंटेलच्या पानावर i5-1335U समोर 15 वॅट आणि i5-13420H समोर 45 वॅट लिहिलेलं असतं. ते आकडे सूत्रात टाकू नका. 42 ला 45 ने भागलं तर एक तासही येत नाही आणि प्रत्यक्षात लॅपटॉप तीन-चार तास चालतो. ते वॅट म्हणजे प्रोसेसर सलग पूर्ण कामाला जुंपल्यावरचा पाया आहे. नोट्स टाइप करताना प्रोसेसर बराच वेळ निवांत असतो, मध्येच क्षणभर उसळतो आणि परत शांत होतो. आपल्याला हवी असते या सगळ्याची सरासरी, त्यात स्क्रीन आणि बाकीचे भागही धरून.

मग अक्षराचा उपयोग काय? तो लॅपटॉप कोणत्या कामासाठी बांधलाय हे अक्षर सांगतं, आणि त्या घडणीबरोबर निवांत असतानाचा खर्चही ठरून येतो. U असलेल्या मशीनवर ब्राउझरचे दहा-बारा टॅब, वर्ड आणि पीडीएफ, मध्यम ब्राइटनेस अशा हलक्या वापरात सात ते नऊ वॅट धरावेत. H असेल पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर नऊ ते तेरा. H बरोबर आरटीएक्ससारखं वेगळं कार्ड असेल तर बारा ते वीस, आणि ही पट्टी एवढी रुंद का ते पुढे सांगतो. इंटेलची Core Ultra 200V मालिका, म्हणजे 226V किंवा 258V असे V ने संपणारे नंबर, स्नॅपड्रॅगन एक्स आणि ॲपलच्या एम चिप हलक्या कामात चार ते सहा वॅटवर भागवतात. हे अंदाजाचे आकडे आहेत. मोठी किंवा 120 हर्ट्झची ओलेड स्क्रीन असेल तर वरचं टोक धरा.

अक्षराचे दोन अपवाद लक्षात ठेवा. Core Ultra च्या पहिल्या पिढीत 125H आणि 155H यांच्या मागे H असला तरी त्यांचा पाया 28 वॅटचा आहे. जुन्या 45 वॅटच्या H सारखे ते खादाड नाहीत. आणि एएमडीच्या Ryzen AI 9 HX 370 मधलं HX म्हणजे इंटेलचं HX नव्हे. इंटेलचे HX 55 वॅटचे, जाडजूड गेमिंग लॅपटॉपसाठीचे. एएमडीचा हा 28 वॅटचा, पातळ लॅपटॉपमध्येही बसतो. एएमडीच्या बाकी नावांत U आणि HS यांचा अर्थ साधारण इंटेलच्या U आणि H सारखाच धरला तरी चालतं.

स्नॅपड्रॅगनबद्दल एक सूचना, विशेषतः इंजिनीअरिंगच्या मुलांना. बॅटरी उत्तम, पण लॅबमधलं एखादं बोर्ड किंवा उपकरण यूएसबीने जोडायचं असेल आणि त्याचा ड्रायव्हर स्नॅपड्रॅगनवर चालणाऱ्या एआरएम विंडोजसाठी बनलेला नसेल, तर ते चालत नाही. साधी ॲप्लिकेशन्स अनुवादाच्या थरातून चालून जातात, ड्रायव्हर जात नाहीत. आधी विभागातल्या सीनियरना सॉफ्टवेअरची यादी विचारा, मग पैसे भरा.

एक हिशेब पूर्ण करून पाहू

माझी भाची डोंबिवलीहून माटुंग्याला जाते, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला. तिच्यासमोर तीन पर्याय होते. पहिला i5-1335U, 42 वॅट-अवर. दुसरा i5-13420H, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि 60 वॅट-अवर. तिसरा पहिल्याचाच भाऊ, तोच प्रोसेसर पण 60 वॅट-अवर, थोडा महाग. तिचा कल दुसऱ्याकडे होता. "मामा, बॅटरी 60 ची आहे आणि वर ग्राफिक्स कार्डही मिळतंय, मग तिसऱ्याला जास्त पैसे कशाला?"

आम्ही किमतीआधी तिचा दिवस मांडला. घर ते कॉलेज ते घर दहा-अकरा तास होतात, पण लॅपटॉप उघडा असतो तेवढा वेळच मोजायचा. लॅबमध्ये प्लग असतो, तो वेळही वजा. उरतात लेक्चर आणि लायब्ररी मिळून तीन तास हलकं काम, आणि मोकळ्या तासाला व्हीएस कोडमध्ये प्रोग्राम लिहून चालवणं, साधारण एक तास.

पहिल्या लॅपटॉपला हलक्या कामात 8 वॅट आणि कोडिंगला 14 वॅट धरले. तीन तासांचे 24 आणि एका तासाचे 14, एकूण 38 वॅट-अवर. हातात किती? 42 चे 90 टक्के, म्हणजे 37.8. काठावर. एखाद्या दिवशी ऑनलाइन मीटिंग आली, जिच्यात कॅमेरा, माइक आणि वायफाय एकदम चालतात, की संपलं.

दुसऱ्याला हलक्या कामात 15 आणि कोडिंगला 22 धरले. 45 आणि 22, एकूण 67. हातात 60 चे 90 टक्के, म्हणजे 54. बॅटरी पहिल्याच्या जवळजवळ दीडपट असून दिवस पुरा होत नाही. ग्राफिक्स कार्ड शिस्तीत झोपलं आणि आकडे 12 आणि 20 वर आले, तरी 56 लागतात. म्हणजे उत्तम परिस्थितीतसुद्धा थोडं कमीच.

तिसऱ्याला पहिल्याइतकेच 38 हवेत आणि हातात 54. सोळा वॅट-अवर शिल्लक, म्हणजे हलक्या कामाचे आणखी दोन तास. आता हाच हिशेब तिसऱ्या वर्षासाठी करा. रोज वापरलेल्या लिथियम बॅटरीची क्षमता दोन-तीन वर्षांत 80 टक्क्यांवर आलेली असते असं धरणं सुरक्षित. 54 चे 80 टक्के 43. अजूनही 38 पेक्षा जास्त. पहिल्या लॅपटॉपचे मात्र 30 च उरतात आणि तासभर कमी पडतो. प्रोजेक्टचं काम वाढतं ते नेमकं तेव्हाच.

तिने तिसरा घेतला. मशीन लर्निंगसाठी किंवा थ्रीडीसाठी तिला ग्राफिक्स कार्ड रोज लागत असतं तर मी दुसराच सुचवला असता, पण मग चार्जर बॅगेत आणि प्लगजवळची जागा हे रोजचं धरून चालायचं.

लॅपटॉप घरी आलाय आणि तरीही कमी चालतोय

आता खरा तपास. दोन-तीन दिवस नेहमीसारखा वापरा, मग वरचीच `powercfg /batteryreport` कमांड चालवा. `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` यांची तुलना करा. नव्या लॅपटॉपमध्ये दोन-चार टक्क्यांचा फरक असू शकतो. नवा असूनही 42,000 च्या जागी 34,000 दिसत असतील तर मात्र बॅटरीतच दोष आहे किंवा लॅपटॉप बराच काळ पडून होता. रिपोर्टची प्रत घेऊन विक्रेत्याकडे जा. ही एकच परिस्थिती आहे जिथे सर्व्हिस सेंटरची फेरी सार्थकी लागते.

ते आकडे ठीक असतील तर खाली `Battery usage` चा तक्ता पाहा. `Active` लिहिलेल्या ओळीत किती वेळ चालला आणि किती mWh खर्च झाले हे दोन्ही असतं. समजा 54 मिनिटांत 8,640 mWh गेले. 54 मिनिटं म्हणजे 0.9 तास, 8,640 भागिले 0.9 म्हणजे 9,600, अर्थात 9.6 वॅट. U प्रोसेसर, थोडा जास्त ब्राइटनेस, सगळं जागच्या जागी. हा लॅपटॉप निरोगी आहे आणि याहून जास्त तास त्याच्याकडून मिळणार नाहीत. त्याच 54 मिनिटांत 14,400 गेले असते तर 16 वॅट आले असते. मग काहीतरी विनाकारण जागं आहे.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. ते झोपेत जवळजवळ काही खात नाही, पण नुसतं जागं राहिलं तरी पाच-दहा वॅट वाढतात. म्हणूनच वरची बारा ते वीसची पट्टी एवढी रुंद. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये GPU engine हा रकाना सुरू करून कोणतं ॲप कोणत्या कार्डावर चालतंय ते बघा. ब्राउझर किंवा लाइव्ह वॉलपेपरसारखं काहीतरी सापडतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली ग्राफिक्समध्ये जाऊन त्या ॲपला `Power saving` द्या. कंपनीच्या ॲपमध्ये "फक्त ग्राफिक्स कार्ड" असा मोड चालू राहिला असेल तर तो हायब्रिडवर आणा. स्क्रीन 144 हर्ट्झची असेल तर बॅटरीवर 60 करा आणि पॉवर मोड `Best performance` वर अडकलेला नाही ना ते पाहा.

वॅटही योग्य आणि क्षमताही योग्य, तरी तास कमी, असं झालं तर दोन शक्यता उरतात. एक, कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी जपण्यासाठी 80 टक्क्यांची मर्यादा चालू आहे. ती सोय चांगलीच आहे, पण मग 42 पैकी तुम्हाला जेमतेम 34 मिळतात. ज्या दिवशी कॉलेज लांबणार त्याच्या आदल्या रात्री ती बंद करून पूर्ण चार्ज करा.

दुसरी शक्यता प्रवासातली. सकाळी 100 टक्के पाहून झाकण मिटवलं, लोकलमधून माटुंग्याला उतरेपर्यंत 88. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावरही मशीन अर्धवट जागं राहतं, मेल आणि अपडेट बघत बसतं आणि बॅगेत गरम होतं. बॅटरी रिपोर्टमध्ये हा खर्च `Connected standby` या ओळीत वेगळा दिसतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे चालवलं की झोपेतही कोण जागं होतं त्याची यादी असलेली फाइल मिळते:

```
powercfg /sleepstudy
```

दोषी ॲप सापडलं तर काढा. नाहीच सापडलं तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर `Hibernate` होईल असं ठेवा. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण स्लीपमध्ये जाणारे दहा-बारा टक्के शिल्लक राहतात. 42 वॅट-अवरच्या लॅपटॉपमध्ये ते म्हणजे नोट्सचा अर्धा-पाऊण तास.